तिथीची पाऊणपट

वसईच्या खाडीच्या मुखाबाहेर हिवाळ्यातल्या पहाटे लाकडी होड्या पाण्यावर डुलत उभ्या आहेत, खलाशी जाळी ओढत आहेत आणि वर कुरवांचे थवे घिरट्या घालीत आहेत, असे दृश्य किनाऱ्यावरून पाहणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की पहाटेची ही वेळ कोळ्याने मासळीसाठी निवडलेली आहे. वस्तुतः ती त्याने निवडलेली नसते. ती चंद्राने नेमून दिलेली असते आणि दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून निघालेल्या एका होडीवर मला जागा मिळाली, ती पौष वद्य प्रतिपदेच्या पहाटे. आणि तीच तिथी का, याचा उलगडा तांडेलाने बोटांच्या पेरांवर हिशेब करून दाखविला. कोकणपट्टीत सर्वत्र परिचित असलेला हा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आणि प्रतिपदेला एकाची पाऊणपट, म्हणजे रात्री बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी. तेथून सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास, ओहोटी संपते. थोडाफार फरक या गणितात राहतोच, परंतु होडी बंदराबाहेर काढण्यास एवढी अचूकता पुरेशी असते; आणि ती वेळेवर काढावीच लागते, कारण ओहोटी पुरती उतरली म्हणजे बंदरासमोर चिखल उघडा पडतो व भरतीचे पाणी येईपर्यंत होडी जागची हलत नाही.

या होड्यांवर जे जाळे चालते ते डोल. जाळे फेकणे हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो, परंतु डोल कोणी फेकीत नाही, ते बांधतात. समुद्राच्या तळाशी लाकडी खुंट खोल रोवलेले असतात, त्यांना जाड दोर असतात, आणि त्या दोरांना तरंगती पिंपे बांधून जागेची खूण राखलेली असते. डोल हे नरसाळ्याच्या घाटाचे, तीस-चाळीस मीटर किंवा त्याहूनही लांबीचे जाळे. त्याचे तोंड, ज्याला म्होर म्हणतात, मोठ्या आसाचे आणि ऐसपैस. तेथून मागे जावे तसतसे आस लहान होत जातात, आणि अखेरच्या टोकाला, खोला नावाच्या पिशवीत, ते इतके बारीक होतात की जवळादेखील त्यातून सहजी सुटत नाही. म्होर प्रवाहाच्या सन्मुख ठेवून जाळे दोरांना बांधले की कोळ्याचे काम काही तासांपुरते संपते, आणि पुढचे काम पाणी करते. मासळीच्या मागे जाण्याचा येथे प्रश्नच नसतो. ज्या जिवांना वेगवान प्रवाहाविरुद्ध पोहणे जमत नाही, ते बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा, प्रवाहाबरोबर वाहत म्होरेत शिरतात व दाबाने खोल्यात जाऊन साचतात.

म्हणूनच उधाणाला एवढे महत्त्व. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्या घरात जाते, तेवढे पाणी त्याच सहा तासांत ये-जा करीत असल्यामुळे प्रवाह जोरकस होतो, आणि जाळ्यातून गाळले जाणारे पाणीही त्या मानाने वाढते. अष्टमीच्या सुमारास भांग लागला म्हणजे प्रवाह मंदावतो, म्होर नीट उघडत नाही, आणि डोल जवळजवळ रिकामे येते. आता वरचा हिशेब पुन्हा ताडून पाहावा: उधाणाच्या दिवसांत ओहोटी संपण्याची वेळ नेमकी पहाटे व सायंकाळी पडते, तर भांगाच्या दिवसांत पहाटे भरती पूर्ण होते. भरघोस मासळीची वेळ आणि सूर्योदय यांचा जो संबंध आपल्या दृष्टीस पडतो, तो मुंबईलगतच्या या किनाऱ्याच्या भरतीच्या वेळांमुळे जुळून आलेला आहे.

आमची होडी पिंपांजवळ पोहोचली तेव्हा अंधार होता आणि ओहोटीचा जोर अद्याप ओसरला नव्हता. पिंपे प्रवाहाच्या ओढीने तिरपी होऊन अर्धवट बुडालेली, त्यांच्याभोवती पाणी खळाळणारे, दोर ताठ. अशा वेळी ओढू गेल्यास सहा माणसांनाही जाळे हलवत नाही. तांडेल बोलत नव्हता. त्याचा हात दोरावर होता. पूर्वेकडे तुंगारच्या डोंगररेषेवर फटफटले, पाण्यावरच्या लांब वळ्या मोडून त्यांच्या जागी दिशाहीन बारीक तरंग दिसू लागले, पिंपे हळूहळू सरळ झाली, आणि दोर हाताखाली सैल पडला. “घ्या रे,” एवढेच तो म्हणाला. ही स्तब्धता फार वेळ टिकत नाही. भरतीचे पाणी मागून येऊन खोल्यावर आदळू लागले तर जाळे पिळवटते, आणि आत साचलेली मासळी ज्या म्होरेतून आली त्याच म्होरेतून बाहेर निसटते. म्हणून या अवधीत सर्वांची जी धांदल उडते, तिच्यात एकही हालचाल अनावश्यक नसते.

खोला पाण्यावर येताच कुरव खाली उतरले. जाळ्याच्या आसांतून निसटणारे आणि निवडताना टाकून दिले जाणारे बारीक जीव त्यांना हवे असतात. हे पक्षी बारमाही येथले नव्हेत. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करून केवळ हिवाळ्यापुरता येतो, आणि येथे असताना त्याचे डोके तपकिरी नसतेच, डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो.

खोल्याचे तोंड पायजम्याच्या नाडीसारखे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधलेले असते. ती गाठ सोडताच होडीच्या तळावर बोंबलांची लवलवती, गुलाबी-पांढरी रास पडली, आणि तिच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांचा असा लगदा पडला की दोन माणसे तो निवडण्यासाठीच बसली. भरतीची पाठराखण घेऊन होडी बंदराकडे परतली. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार, त्यामुळे तो चटकन नासतो. ताजा विकला गेला नाही तर बायका त्याच दिवशी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर वाळत घालतात.

डोल लावण्याच्या या पद्धतीचे दोन दोष आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. खोल्याचे बारीक आस पूर्ण वाढ न झालेली पिल्लेही गोळा करतात. दुसरा दोष जागेचा. डोल लावण्याच्या जागेला कव म्हणतात. एकदा खुंट रोवला की ती जागा वहिवाटीने त्या घराची मानली जाते, आणि तिची सीमा सांगणारा दस्तऐवज बहुधा स्मरणाखेरीज दुसरा नसतो. वसई-उत्तनकडील कवी उत्तरेकडे सरकत गेल्याची तक्रार सातपाटीसारख्या गावांचे, वाहत्या जाळ्यांनी पापलेट धरणारे मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांची जाळी या खुंटांत अडकून फाटतात. दोन्ही बाजू कोळ्यांच्याच आहेत आणि दोघांचाही पोटाचा प्रश्न आहे. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद दफ्तरी ठेवणाऱ्या सरकारने या कवींचीही मोजणी करून, दोन्ही बाजूंच्या वृद्ध तांडेलांना पंच म्हणून बसवून, हद्दीचे रजिस्टर एकदाचे तयार करावे. ज्यांना त्या जागा तोंडपाठ आहेत ती पिढी हयात असेपर्यंतच हे काम होऊ शकेल.