मालकांचा शब्द आणि करारातलं एक कलम

समजा, पुण्यात तुम्ही २८,००० रुपये भाड्यानं ११ महिन्यांसाठी फ्लॅट घेतलात. फ्लॅट दाखवताना मालक म्हणाले होते, “दिवाळीआधी रंग मारून देतो, आणि खालचं पार्किंग तुमचंच.” मग एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला, दोन्हीकडचे अंगठे उमटले, करार नोंदला गेला. दिवाळी उलटली तरी रंगाचा पत्ता नाही आणि पार्किंगमध्ये मालकांच्या मेहुण्याची गाडी उभी. विचारलं तर उत्तर मिळतं, “करारात दाखवा.”

करारात शेवटाकडे, ज्या पानावर कुणी थांबत नाही तिथं, असं काहीतरी असतं: ‘उभयतांमधील संपूर्ण करार हाच असून यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी रद्द समजावीत.’

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ नुसार (जुन्या कायद्यात हे कलम ९२ होतं) लेखी कराराच्या अटींना छेद देणारा तोंडी करार पुराव्यात येत नाही. पण त्यातच एक फट आहे. एखाद्या मुद्द्यावर दस्त गप्प असेल आणि तोंडी ठरलेली गोष्ट त्याच्या अटींशी विसंगत नसेल, तर ती सिद्ध करू देता येते. रंगाबद्दल करारात अवाक्षर नाही, म्हणजे तुम्हाला वाव होता. वरचं कलम नेमकी हीच फट बुजवतं, कारण आता दस्त गप्प नाही. ‘याखेरीज काही ठरलेलं नाही’ असं तो स्वतःच सांगतो.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘रंग करून देतो’ हा जुना मेसेजही फारसा तारत नाही. त्यानं शब्द दिला होता हे सिद्ध होईल. पण सही करून तुम्ही तो शब्द सोडलात, हा मालकांचा मुद्दा उरतोच.

फसवणूक मात्र या कलमाआड सहसा लपत नाही. पाळायचं मुळी मनातच नसताना वचन देणं ही करार कायद्याच्या कलम १७ नुसार फसवणूक ठरते. पार्किंग आधीच दुसऱ्याला दिलेलं असताना ‘तुमचंच’ म्हटलं असेल, तर करार रद्द करण्याचा हक्क सांगता येतो. पण मालकांच्या मनातलं सिद्ध करायचं कसं? नुसतं वचन मोडलं म्हणजे फसवणूक झाली असं नाही. शिवाय या भाड्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणं कुणाला परवडतं?

सही झाल्यावर ‘ठीक आहे, देतो’ असं मालक पुन्हा म्हणाले, तरी भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. अशा करारातला बदल नुसत्या तोंडी बोलण्यानं सिद्ध करता येत नाही.

तेव्हा मसुदा आला की अंगठा देण्याआधी त्यात एक ओळ घालायला सांगा: ‘मालक ३१ ऑक्टोबरपर्यंत स्वखर्चानं रंग देतील, न दिल्यास भाडेकरूनं तो करून खर्च भाड्यातून वळता करावा.’ पार्किंगचा क्रमांकही लिहून घ्या. मालक कां-कूं करू लागले, तर रंगाचा खर्च धरूनच भाडं ठरवा.