भिंतीला पोट आलं ती रात्र

सौदी अरेबिया म्हटलं की आपल्याला वाळू आठवते. पण नैर्ऋत्येला असीर प्रांतातलं अबहा शहर सरावत डोंगररांगेत, सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे धो धो पाऊस आणणाऱ्या मोसमी वाऱ्यांची कड उन्हाळ्यात तिथंही पोचते आणि ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग फुटल्यासारखे बरसतात. मी तिथं सव्विसाव्या वर्षी साइट इंजिनिअर होतो. सहा मीटर उंचीची दगडी संरक्षक भिंत, वर रस्ता आणि पायथ्याशी मजुरांच्या खोल्या.

त्या दिवशी तीन तास पाऊस पडूनही भिंतीतले पाणी निचरणारे पाइप कोरडे होते. मला त्याचं बरंच वाटलं होतं. पाणी येत नाही, म्हणजे आत पाणी नाही, असा माझा समज.

रात्री टॉर्चच्या उजेडात मधल्या दगडांचे सांधे उघडलेले दिसले. वरून फळी बाहेर काढून ओळंबा सोडला. वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं. दोरी भिंतीपासून 200 मिलिमीटरवर असायला हवी होती. अकरा वाजता मध्यावर अंतर 178 भरलं, बाराला 165. भिंतीला पोट आलं होतं आणि ते वाढत होतं.

तिथंच वहीत हिशेब केला. मागची भरणी कोरडी असेल, तर सहा मीटर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण 11 टन रेटा येतो. भरणी माथ्यापर्यंत पाण्यानं भरली की मातीचा रेटा कमी होऊन 6 टनांवर येतो, पण नुसत्या पाण्याचा 18 टन वाढतो. एकूण 24. भिंत 11 टनांसाठी बांधलेली.

मजुरांना उठवून वरच्या शाळेत नेलं. मुकादम म्हणाला, "साहेब, पाइपात गज घालून बघू का?" मी नको म्हणालो, फुगत्या भिंतीखाली माणूस उभा करायचा नसतो. वर वाळूच्या गोण्या लावून रस्त्याचं पाणी दुसरीकडे वळवलं. पहाटे पाऊस थांबला, आकडा 142 वर स्थिरावला. भिंत उभी राहिली.

पुढे ती उतरवली, तेव्हा पाइपांची तोंडं मसाल्यानं बुजलेली निघाली. मागे खडीचा थर हवा होता, तिथं खोदकामाची चिकणमाती टाकलेली.

2 जुलै 2019 च्या मध्यरात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. त्याआधी तीनच दिवस कोंढव्यात 15 गेली होती. दोन्हीकडे लोक पायथ्याशी झोपलेले होते. बातम्या वाचताना मला माझे कोरडे पाइप आठवले.

आपल्या सोसायटीच्या मागची भिंत भर पावसात बघा. मुसळधार पडत असताना तिची छिद्रं कोरडी असतील, तर त्या रात्री तिच्या पायथ्याशी कुणालाही झोपू देऊ नका.