‘ओके ना?’ला अंगठा दाखवण्यापूर्वी

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या भाचीने घरमालकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला: ‘रंगकामाचे २५ हजार डिपॉझिटमधून कापतोय. ओके ना?’ खाली तिचा प्रश्न: ‘मामा, काय उत्तर देऊ?’

मी आधी वरचे मेसेज मागवले. स्क्रीनशॉटमध्ये संभाषणाचा एक तुकडाच दिसतो. वर तिनेच लिहिलं होतं, ‘रंगाचं बघू नंतर.’ या मोघम वाक्याचा मालकाने होकार धरला होता.

मग करार उघडला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे वाद तिथल्या कलमावर आणता येतो. तिच्या करारात वापरातली नेहमीची झीज वगळून नुकसानभरपाई द्यायची असं होतं. रंगाचा वेगळा उल्लेख नव्हता. तसा असता, तर सल्ला बदलला असता.

मेसेजचा खरा डाव ‘ओके ना?’त होता. नुसता अंगठा पाठवला, तरी उद्या तो संमती म्हणून दाखवता येतो. म्हणून उत्तर असं लिहिलं: ‘काका, या कपातीला माझी संमती नाही. करारात नेहमीची झीज वगळली आहे. त्यापलीकडे नुकसान असेल, तर फोटो आणि बिल पाठवा. शनिवारी चावी देताना घर एकत्र पाहू.’

यात नकार, कारण, मागणी आणि दिवस आहे, टोमणा नाही. मालकाचा फोन आला, तर बोलावं; पण ठरलेलं त्याच दिवशी मेसेजवर लिहून ठेवावं.