रात्रीची खाज आणि दुसरी गोळी

मूल झोपून तास-दोन तास होतात आणि चुळबुळ सुरू होते. आधी नुसतं कूस बदलणं, मग हात चड्डीत, मग रडणं. विचारलं तर मूल सांगतं, ‘शीच्या जागी चावतंय.’ आई पावडर लावते, आजी खोबरेल तेल लावते. थोड्या वेळाने डोळा लागतो आणि सकाळी मूल ताजंतवानं होऊन खेळायला पळतं. दिवसभर कसलीच तक्रार नसते. असं आठवडाभर चाललं की घरात निदानांना ऊत येतो. गोड फार खातोय, उष्णता झालीय, दृष्ट लागलीय, काही नाही तर लक्ष वेधून घ्यायचं नाटक करतोय.

नाटक नसतं. खाज ठरावीक जागी, ठरावीक वेळी येते आणि उजाडलं की जाते, याला एक नेमकं कारण आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहणारा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसणारा जंत. शास्त्रीय नाव एन्टेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. नर जेमतेम 2 ते 5 मिलिमीटरचा, मादी साधारण एक सेंटिमीटरची. नर कधी दिसत नाही. दिसते ती मादी, आणि तीही रात्री.

मूल गाढ झोपलं की पोटात अंडी भरलेली मादी आतड्यातून खाली सरकत गुदद्वाराबाहेर येते. भोवतालच्या त्वचेच्या घड्यांमध्ये ती दहा हजारांच्या आसपास अंडी सोडते आणि मरते. अंड्यांवर चिकट लेप असतो. तिची वळवळ आणि हा लेप, दोन्हींमुळे खाज सुटते. पुढचं काम मुलाचं बोट करतं. खाजवलं की अंडी नखाखाली जातात आणि तिथून तोंडात, चादरीवर, खेळण्यावर, शेजारी झोपलेल्या भावाच्या गालावर. त्वचेवरच्या उबेत ही अंडी चार ते सहा तासांत संसर्ग करायला तयार होतात. म्हणजे रात्री अकराला घातलेलं अंडं सकाळी दूध-बिस्किटाच्या वेळी पोटात जायला सज्ज असतं.

या जंताला माती लागत नाही, डास लागत नाही, कुत्रा-मांजर तर नाहीच. त्याचं घर फक्त माणूस. अनवाणी फिरण्याने तो होत नाही आणि गुळाच्या खड्याने किंवा चॉकलेटनेही नाही. स्वच्छ, फरशी बसवलेल्या फ्लॅटमध्येही तो सुखाने नांदतो. ‘आमच्याकडे असं कसं झालं’ असं ओशाळून विचारणाऱ्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं ओझं उतरतं.

ओळखायचं कसं? सर्वांत सोपं साधन टॉर्च. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी, न उठवता, हळूच ढुंगणाच्या दोन्ही बाजू अलग करून उजेड टाकायचा. गुदद्वाराभोवती बारीक पांढरा धागा हलताना दिसला तर निदान झालं, पुढच्या तपासणीची गरज नाही. एका रात्रीत दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये. मादी रोज बाहेर येतेच असं नाही. दोन-तीन रात्री पाहावं.

तरीही काही दिसलं नाही तर चिकटपट्टीची तपासणी. ही युक्ती 1941 पासून चालत आलेली आहे आणि अजूनही तिच्याहून सरस काही निघालेलं नाही. सकाळी उठल्याबरोबर, शी किंवा अंघोळ व्हायच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबायची आणि ती पट्टी काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने चपटी अंडी ओळखू येतात. एका सकाळी केलेली तपासणी निम्म्या वेळा चुकते. ओळीने तीन सकाळी केली तर दहापैकी नऊ जणांत जंत सापडतो.

इथेच नेहमी गफलत होते. ‘शी तपासली, जंत नाहीत’ हा कागद अनेक घरांत असतो. पण मादी अंडी शीमध्ये घालत नाही, बाहेर त्वचेवर घालते. म्हणून शी तपासून हा जंत शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांतच सापडतो. तो कागद नॉर्मल आला याचा या बाबतीत काहीही अर्थ नाही.

मुलींमध्ये गोष्ट थोडी पुढे जाते. भरकटलेली मादी शेजारच्या योनिमार्गाकडे वळते. मग पुढच्या जागी खाज, लाली, पांढरं जाणं, लघवीला जळजळ, आणि कधी सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होणं. अशा मुलीला लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधं दिली जातात आणि मूळ कारण तसंच राहतं. रात्रीची टॉर्च अशा वेळी अवश्य वापरावी. उलट खाज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत असेल तर ती खरूज समजावी, तीही रात्रीच वाढते. गुदद्वाराभोवती लालभडक चट्टा, शी करताना दुखणं किंवा रक्त असेल तर कारण जंत नसून जिवाणूंचा संसर्ग किंवा चीर असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला औषध वेगळं.

आता उपचार. त्यासाठी एक नमुन्याचं घर डोळ्यांपुढे आणू. दोन खोल्यांत पाच माणसं: सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, बाबा, आजी, आणि आठव्या आठवड्याची गर्भवती आई. रात्री खाजवते ती फक्त मुलगी. गोळी कुणाला द्यायची?

आई सोडून सगळ्यांना, आणि एकाच दिवशी. बाधा झालेल्या पुष्कळ माणसांना, विशेषतः मोठ्यांना, खाज येतच नाही. एकट्या मुलीचं पोट साफ केलं आणि आजीच्या पोटात जंत राहिला, तर दोन महिन्यांत मुलगी पुन्हा खाजवू लागते आणि दोष गोळीवर येतो. नेहमीचं औषध अल्बेंडाझोल. मुलगी, बाबा आणि आजी यांना 400 मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. दीड वर्षाच्या मुलाला 200 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून पाण्यात कालवून, पण बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. लहान मुलाच्या तोंडात अख्खी गोळी कधीही देऊ नये, ती घशात अडकते. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर घरच्या घरी काहीच देऊ नये. काही डॉक्टर अल्बेंडाझोलऐवजी मेबेंडाझोल 100 मिलिग्रॅम किंवा वजनावर मोजून पायरँटेल देतात. तिन्ही कामाची आहेत.

आईला गोळी नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं टाळतात. तिच्यासाठी उपाय म्हणजे सहा आठवडे काटेकोर स्वच्छता. पोटातला जंत साधारण तेवढेच दिवस जगतो. नवीन अंडं पोटात गेलं नाही तर जुनी पिढी आपोआप संपते. अंगावर पाजणाऱ्या आईनेही डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी.

समजा पहिली गोळी महिन्याच्या 1 तारखेला रात्री घेतली. ती आतड्यातले जंत मारते. त्यांना साखर शोषता येत नाही आणि ते उपासमारीने मरतात. पण अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याच रात्री नखाखाली असलेलं अंडं 2 तारखेला सकाळी मुलीच्या पोटात गेलं तर गोळीचा असर तोवर ओसरलेला असतो. या अंड्यातून निघालेल्या जंताला वाढून स्वतः अंडी घालायला साधारण महिना लागतो. म्हणून दुसरी गोळी 15 तारखेला: तोवर तो जंत अंड्यातून बाहेर पडलेला असतो, म्हणजे गोळीच्या तडाख्यात सापडतो, आणि अजून अंडी घालण्याच्या वयात आलेला नसतो. ही गोळी नेमकी चुकते, कारण 5 तारखेपर्यंत खाज थांबलेली असते आणि घरातल्या सगळ्यांना बरं वाटत असतं. ‘औषधाला जंत दाद देत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा न घेतलेल्या दुसऱ्या गोळीची असते.

या दोन आठवड्यांत घर घासून काढायची गरज नाही, फक्त अंड्यांची वाट अडवायची. सर्वांत महत्त्वाची वेळ सकाळची. उठल्यावर दुसरं काही करण्याआधी ढुंगण साबणाने धुवायचं किंवा अंघोळ घालायची, कारण रात्रीची अंडी तिथेच असतात. अंघोळ बादली-तांब्याने, भरलेल्या टबात बसवलं तर तेच पाणी सगळ्या अंगाला लागतं. रात्री घट्ट चड्डी आणि सकाळी ती बदलणं, कापलेली नखं, प्रत्येकाचा वेगळा टॉवेल, शीनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं. हातावर सॅनिटायझर चोळून भागत नाही, अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

दोन्ही गोळ्यांनंतरच्या सकाळी चादरी, अभ्रे आणि चड्ड्या कडकडीत पाण्यात धुवाव्यात. त्या झटकू नयेत. झटकल्या की अंडी हवेत उडतात आणि श्वासावाटे नाका-घशात जाऊन गिळली जातात. त्याच कारणासाठी झोपायच्या खोलीत आधी ओल्या फडक्याने पुसावं, केरसुणी नंतर. थंड, दमट हवेत अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात, उन्हात आणि कोरड्या हवेत लवकर मरतात. पावसाळ्यात न वाळणाऱ्या गोधड्यांच्या घरात हा त्रास पुनःपुन्हा उद्भवला तर नवल नाही.

‘शाळेत तर जंताची गोळी दिलीच होती,’ हा प्रश्न हमखास येतो. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या जंतनाशक दिनी अंगणवाडी-शाळांतून दिली जाणारी गोळी हीच अल्बेंडाझोलची असते. पण 2015 पासूनची ती मोहीम मातीतून पसरणाऱ्या, रक्त कमी करणाऱ्या जंतांसाठी आखलेली आहे. एकदा गोळी, मग थेट सहा महिन्यांनी, आणि घरातल्या मोठ्यांना ती मिळत नाही. त्या जंतांसाठी हे वेळापत्रक योग्यच आहे. या जंतासाठी ते पुरत नाही.

दोन्ही गोळ्या नेमक्या तारखांना, सगळ्यांनी घेऊनही महिन्याभरात खाज परतली तर पुन्हा त्याच दोन गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टर मग चिकटपट्टीने निदान पक्कं करतात आणि गरज पडली तर दर दोन आठवड्यांनी आणखी काही मात्रा ठरवून देतात. खाजवून कातडी सोलली असेल, पू येत असेल, वजन घटत असेल किंवा पोटात उजवीकडे खाली दुखत असेल तर तेवढीही वाट पाहू नये. मुलाला शाळेतून घरी ठेवायचं मात्र काही कारण नाही: सकाळी अंघोळ झाली, नखं कापलेली असली की ते त्याच दिवशी शाळेत जाऊ शकतं.