दहा मीटरची धाव आणि तिच्यामागची विश्रांती

फुटबॉलच्या सामन्यात जीव तोडून मारलेली धाव बहुतेक वेळा दहा-वीस मीटरांतच आटोपते. चेंडूपाशी आधी कोण पोहोचणार, हे त्यातल्याही पहिल्या तीन-चार पावलांत ठरलेले असते. म्हणून तेरा ते अठरा वयाच्या खेळाडूंच्या सरावात शंभर मीटरच्या धावण्याला फारसे स्थान नसते. उभ्या जागेवरून वेग कसा घ्यायचा हा खरा विषय असतो.

वेग घेताना जमीन मागे ढकलावी लागते. त्यासाठी टाचेपासून डोक्यापर्यंतचे शरीर एका सरळ रेषेत पुढे कललेले हवे. नुसते कमरेत वाकून भागत नाही. पहिली पावले कमरेच्या बरोबर खाली किंवा किंचित मागे पडावीत आणि पाऊल टेकताना नडगी पुढे झुकलेली असावी. ‘लांब टांगा टाक’ ही मैदानावरून हमखास ऐकू येणारी सूचना इथे घातक ठरते. लांबवलेला पाय शरीराच्या पुढे पडतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. बाजूने मोबाइलवर चित्रण करून पाऊल टेकण्याच्या क्षणी ते थांबवले की दोष लगेच दिसतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे ताठ उभे राहून पुढे झुकत जायचे आणि तोल जाताच धावत सुटायचे. झुकाव आपोआप साधतो.

दिशा बदलण्याचे कौशल्य मात्र वळण्याच्या आधी, वेग मारण्यात असते. चांगला खेळाडू वळणाच्या पावलाआधीच्या पावलावर बराचसा ब्रेक लावतो, कंबर खाली आणतो आणि मग बाहेरचा पाय रोवून नव्या दिशेला ढकलतो. उंच राहून एकाच पायावर सगळा भार घेतला की गुडघा आत वळतो, आणि गुडघ्यातल्या अस्थिबंधाला इजा होण्याचा धोका तिथेच असतो. समोरून पाहताना गुडघा पंज्याच्या रेषेच्या आत जात असेल, तर वेग कमी करून आधी थांबायला शिकवावे.

कोणाला काय शिकवायचे, हे ‘५०५’ नावाच्या चाचणीतून कळते. खेळाडू पंधरा मीटर धावत जातो, रेषेवर पाय रोवून उलट फिरतो आणि परत येतो. वेळ मोजायची ती फक्त वळणाआधीच्या आणि नंतरच्या पाच-पाच मीटरची. समजा, दोन मुलांची ही वेळ सारखीच, २.६० सेकंद आली. पण सरळ दहा मीटरला पहिल्याला १.८५ आणि दुसऱ्याला २.०५ सेकंद लागतात. म्हणजे वळणापायी पहिल्याचे ०.७५ सेकंद जातात, दुसऱ्याचे ०.५५. पहिला चपळ वाटतो, पण थांबणे-वळणे त्यालाच शिकायचे आहे. दुसऱ्याला सरळ वेग हवा. जमिनीवरच्या शिडीत पावले नाचवून या दोघांपैकी कोणाचेच फारसे भले होत नाही. शिवाय ठरलेल्या कोनापाशी वळणे ही अर्धीच चपळता. सामन्यात प्रतिस्पर्ध्याकडे पाहून वळावे लागते, म्हणून तंत्र बसल्यावर समोरच्या खेळाडूने ऐन वेळी दिशा दाखवावी.

सर्वाधिक चुका विश्रांतीत होतात. दोन-तीन सेकंदांच्या जोरदार धावेला स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुरतो. तो बराच खर्च झाला तर अर्धा भरायला साधारण अर्धे मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्यामुळे दर दहा मीटरमागे एक मिनिट थांबावे, हा प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब उपयोगी आहे. वीस मुले एका रांगेत असली की हे आपसूक होते. चार मुले असली की प्रशिक्षकालाच ते उभे राहणे वेळ वाया घालवल्यासारखे वाटते. मग तो रांग पळवतो आणि वेगाच्या नावाखाली दमसासाचा सराव होतो. थकलेला खेळाडू ताठ धावतो, पाऊल पुढे टाकतो आणि नेमके तेच अंगवळणी पडते.

पुरे कधी म्हणायचे, हे स्टॉपवॉच सांगते. दहा मीटरला १.९५ सेकंद घेणाऱ्याची वेळ २.०५च्या पुढे गेली, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांनी घसरली, की त्या दिवशीचा वेगाचा सराव थांबवावा. मात्र हाताने वेळ घेताना दशांश सेकंदाची चूक सहज होते, म्हणून सलग दोन धावा पाहाव्यात. नीट अंग गरम केल्यावर दहा मीटरच्या सहा धावा, तीन मिनिटांचा खंड आणि प्रत्येक पायावर तीन-तीन वळणे एवढे एका दिवसाला भरपूर झाले. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून हा सराव घ्यावा, आणि तोही चेंडूच्या सरावाआधी.

उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास, हात-पाय लांबतात आणि बसलेले तंत्र काही महिने विस्कटते. वेळ घसरली तरी त्यात आळस नसतो. दर दोन-तीन महिन्यांनी उंची मोजून ठेवली तर हा काळ ओळखता येतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखू लागले, तर वळणे आणि उड्या कमी कराव्यात, आणि दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे.