छप्पन्न टक्के मालकी, हाती शून्य

एडिनबरामध्ये 2009 साली पाच जणांनी मिळून फॅनड्युएल नावाची कंपनी काढली. खऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून आपला काल्पनिक संघ उभा करायचा आणि त्यावर पैसे लावायचे, हा तिचा धंदा. अमेरिकेत तो जोरात चालला आणि 2015 मध्ये कंपनीची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर धरली गेली. 2018 मध्ये ती पॅडी पॉवर बेटफेअर या कंपनीच्या अमेरिकी व्यवसायात विलीन झाली, तेव्हा तिचं मोल 46 कोटी 50 लाख डॉलर ठरलं. संस्थापकांना त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. करारानुसार पहिल्या 55 कोटी 90 लाख डॉलरवर आधीच्या गुंतवणूकदारांचा हक्क होता आणि ठरलेलं मोल त्याहून कमी भरलं. संस्थापक न्यायालयात गेले.

यात करार लपवलेला नव्हता. संस्थापकांच्याच सह्या असलेल्या कागदांतून हा हक्क आला होता. तो नेमका काय असतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ.

नाशिकजवळ दोन मित्र शेतातल्या पंपांचे स्वयंचलित नियंत्रक बनवतात. कारखाना वाढवायला त्यांना 2 कोटी रुपये हवेत. बँकेकडून 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दरमहा सुमारे 4 लाख 35 हजारांचा हप्ता बसेल. पाच वर्षांत 2 कोटी 61 लाख फेडायचे, म्हणजे व्याज 61 लाख. शेवटचा हप्ता भरला की बँकेचा संबंध संपला. पुढे कंपनी शंभर कोटींची झाली, तरी बँक वाटा मागायला येणार नाही.

मग सगळे कर्जच का घेत नाहीत? कारण बँकेला मिळणार फक्त व्याज, त्यामुळे तिला खात्री लागते. दरमहा येणाऱ्या पैशातून हप्ता भागवून थोडं उरतं का, हे ती जुन्या ताळेबंदावरून पाहते. ज्या कंपनीला अजून गिऱ्हाईकच मिळायचं आहे, तिच्याकडे दाखवायला ताळेबंद नसतो. शिवाय बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. लहान उद्योगांसाठी सीजीटीएमएसईची पत हमी योजना आहे आणि एप्रिल 2025 पासून तिची मर्यादा दहा कोटी आहे. तिच्यामुळे घर किंवा जमीन तारण न ठेवता कर्ज मिळू शकतं, पण ही हमी बँकेच्या नुकसानीची असते, कर्जदाराची सुटका करणारी नसते. 90 दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक ठरतं आणि वसुली सुरू होते. धंद्यात मंदी असली, तरी हप्त्याची तारीख बदलत नाही.

व्हेंचर कॅपिटलवाल्यांचं गणित वेगळं. त्यांना हप्ता नको, तारण नको. धंदा बुडाला, तर सहसा त्यांचेही पैसे बुडतात. त्यांच्या फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. गुंतवलेल्या बहुतेक कंपन्या फारसं काही परत देत नाहीत, म्हणून एकदोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करावी लागते. त्यामुळे दरवर्षी दीड कोटी शांतपणे कमावणारा कारखाना त्यांच्या कामाचा नाही. त्यांना तो विकला जायला हवा किंवा शेअर बाजारात यायला हवा, आणि तोही फंडाची मुदत संपण्याआधी. माझ्या मते व्हेंचर कॅपिटल घेणाऱ्याने मालकीच्या आधी ही घाई विकत घेतलेली असते.

आता आपल्या मित्रांनी 2 कोटी गुंतवणूकदाराकडून घेतले. कंपनीची किंमत पैसे आल्यानंतर 10 कोटी धरली, म्हणजे त्याचा वाटा 20 टक्के. पुढे नेमायच्या कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के शेअर बाजूला ठेवायची अटही आली. हा वाटा बहुधा जुन्या मालकांच्याच हिश्श्यातून जातो. मित्रांकडे उरले 70 टक्के. दोन वर्षांनी दुसऱ्या गुंतवणूकदाराने 10 कोटी घालून 20 टक्के घेतले आणि कंपनीची किंमत 50 कोटी झाली. आता मित्रांकडे 56 टक्के, पहिल्या गुंतवणूकदाराकडे 16, दुसऱ्याकडे 20 आणि कर्मचाऱ्यांकडे 8. कागदावर दोघा मित्रांचे 28 कोटी झाले. वाटा घटला, पण रक्कम वाढली. पेढे वाटावेत अशीच ही घडी.

त्यानंतर सरकारी अनुदान बंद झालं, विक्री घसरली आणि एका मोठ्या कंपनीने 15 कोटींना खरेदीची तयारी दाखवली, असं धरू. 56 टक्क्यांच्या हिशोबाने मित्रांना 8 कोटी 40 लाख मिळायला हवेत. पण गुंतवणूकदारांचे शेअर साधे नसतात. भारतात ते बहुधा सीसीपीएस, म्हणजे पुढे साध्या समभागांत सक्तीने रूपांतरित होणारे प्राधान्य शेअर असतात, आणि विक्रीच्या वेळी घातलेली रक्कम आधी परत घेण्याचा हक्क करारात लिहिलेला असतो. आपल्या उदाहरणात दोघे गुंतवणूकदार आधी आपले 12 कोटी घेतील. उरलेल्या 3 कोटींत मित्र आणि कर्मचारी. मित्रांच्या हाती येतील सुमारे 2 कोटी 62 लाख, दोघांत मिळून. तीच कंपनी 12 कोटींना गेली, तर काहीच नाही, आणि वाटा मात्र तेव्हाही छप्पन्न टक्केच.

घातलेली रक्कम एकदाच परत घ्यायची, नाहीतर ती सोडून टक्क्यांप्रमाणे वाटा घ्यायचा, ही त्यातली सौम्य अट. काही करारांत गुंतवणूकदार आधी रक्कम परत घेतो आणि उरलेल्यातही टक्क्यांप्रमाणे बसतो. कुठे घातलेल्या रकमेच्या दुपटीचा हक्क असतो. टर्म शीटमध्ये हा फरक दोन ओळींचा असतो आणि संस्थापकाचं लक्ष कंपनीच्या किमतीच्या आकड्यावर खिळलेलं असतं.

दुसरा प्रश्न नकाराधिकाराचा. 56 टक्के असले, तरी कंपनी आपल्या मर्जीने चालेल असं नाही. कंपनी कायद्यानुसार नियमावली बदलण्यासारख्या विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणून 36 टक्के हाती असलेले हे दोघे गुंतवणूकदार एकत्र आले, तर ठराव अडवू शकतात. शिवाय करारातच यादी असते : वार्षिक अंदाजपत्रक, ठरावीक रकमेवरचं कर्ज, नवे शेअर, कंपनीची विक्री यांना त्यांची लेखी संमती हवी. संस्थापकाचे स्वतःचे शेअरही अनेकदा चार वर्षांत थोडेथोडे पक्के होतात. मधेच बाहेर पडावं लागलं, तर पक्के न झालेले शेअर परत करावे लागतात. आपणच काढलेल्या कंपनीत आपण एका अर्थाने नोकरीवर येतो.

अर्थात उलटंही घडतं. 2018 मध्ये वॉलमार्टने सुमारे 16 अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा साधारण 77 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा सचिन बन्सल यांच्याकडे जेमतेम साडेपाच टक्के उरले होते, पण त्यांची किंमत सुमारे एक अब्ज डॉलर होती. इतक्या वेगाने गोदामं, वाहतूक आणि सवलती उभ्या करायला कोणत्याही बँकेने कर्ज दिलं नसतं. जिथे आधी बाजार काबीज करायचा आणि नफा नंतर, तिथे बाहेरच्या भांडवलाशिवाय वाट नसते. नाशिकच्या कारखान्याचं तसं नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईकं आहेत आणि दरमहा 4 लाख 35 हजार भरण्याइतकी कमाई असेल, तर त्याने 61 लाखांचं व्याज भरून मालकी शाबूत ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

तरीही गुंतवणूकदाराकडेच जायचं असेल, तर सही करण्याआधी सीएला बसवून कंपनी 10, 20 आणि 60 कोटींना विकली तर कुणाच्या हाती किती येईल, याचा तक्ता करून घ्यावा. या व्यवसायात त्याला वॉटरफॉल म्हणतात. पुढच्या फेरीत येणारी रक्कमही अंदाजाने त्यात धरावी, कारण प्राधान्याचा ढीग प्रत्येक फेरीत चढत जातो. आणि रक्कम एकपट, एकदाच परत, ही अट आधी मागून घ्यावी. किमतीची घासाघीस नंतर करता येते.