पाणी भरतंय, पण साठत का नाही?

समजा, ड्राय बाल्कनीत नवं फ्रंट लोड मशीन बसवलं आणि त्याचा ड्रेन पाइप जमिनीवरून सरळ मोरीच्या जाळीत सोडला. मशीन सुरू केलं की पाणी पडल्याचा आवाज येत राहतो, पण धुणं काही पुढे सरकत नाही. शेवटी पडद्यावर पाणी मिळत नसल्याची खूण दिसते. एलजीच्या मशीनवर ती IE असते, सॅमसंगच्या अनेक मशीनवर 4C. घरचे नळ तपासतात, तर तो व्यवस्थित चालू असतो.

दोष असतो पाइपच्या उंचीत. अशा मशीनचा पंप बंद असला तरी त्यातला मार्ग उघडाच राहतो, पाणी अडवणारी झडप तिथे नसते. पाइप आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असला की भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं. खात्री करणं सोपं आहे. मशीन पाणी घेत असताना आणि पंपाचा आवाज नसताना जाळीपाशी पाहावं. तिथे धार लागली असेल, तर कारण सापडलं.

म्हणून ड्रेन पाइपचा सर्वांत उंच भाग जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर पक्का बांधतात. नेमका आकडा त्या मशीनच्या पुस्तिकेत असतो. त्याहून उंच नेला तर पंपाला पाणी चढवणं जड जातं आणि पाइपमधलं पाणी परत आत येतं. पाइप भिंतीतल्या उभ्या नळीत सोडायचा असेल, तर 10 ते 15 सेंटिमीटरच आत घालावा आणि भोवतीची फट बुजवू नये. हवा शिरली नाही, तर पंप थांबल्यावरही पाणी ओढलं जात राहतं. फट मोकळी ठेवायची, पण टोक मात्र बांधायचं. पंप जोरात सुरू होतो तेव्हा सुटं टोक उसळून बाहेर पडतं आणि बाल्कनीत पाणी होतं.

जाळीपाशी धार नसेल, तर नळाच्या दाबाकडे पाहावं. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर सुमारे 1 बार दाब मिळतो, 3 मीटरवर जेमतेम 0.3 बार. अनेक मशीनना किमान एवढा दाब लागतो. त्यामुळे गच्चीतल्या टाकीखालच्या, सर्वांत वरच्या मजल्यावर हीच खूण दिसू शकते. तिथे ड्रेन पाइप कितीही हलवला तरी उपयोग नसतो, प्रेशर पंप लागतो. तो बसवल्यावर नळाच्या जोडातला रबरी वॉशर आणि आटे पुन्हा तपासावेत. कमी दाबाला न गळणारा जोड वाढलेल्या दाबाला गळू शकतो.

सेमी-ऑटोमॅटिक आणि पंप नसलेल्या टॉप लोड मशीनला मात्र उलटा नियम लागू होतो. त्यांचं पाणी उतारानेच जातं, म्हणून त्यांचा पाइप जमिनीलगतच ठेवावा लागतो. तो उचलून बांधला, तर टबात पाणी तसंच उरतं.